कन्फर्म दाबण्याआधी तारीख बघा

"मोबाइल ऑथेंटिकेटर चालू असताना स्टीमच्या ट्रेडमध्ये कोण कसं फसवणार?"

आमच्या विश्रामबागच्या चुलतभावाला असंच फसवलं. 'आमच्या टीमला व्होट दे' म्हणून आलेल्या लिंकवर त्यानं स्टीमचं लॉगिन टाकलं आणि चोरांना त्याच्या खात्यात वाट मिळाली. दोन दिवसांनी तो काउंटर-स्ट्राइकचा चाकू मिरजेच्या मित्राला पाठवायला बसला. खरी ऑफर गुपचूप रद्द झाली आणि तेच नाव, तोच फोटो असलेल्या बॉटला दुसरी गेली. गड्यानं मोबाइलवर कन्फर्म स्वतःच दाबलं! तिथं समोरच्याची लेव्हल आणि खातं कधी उघडलं ते दिसतं. मित्राचं खातं जुनं, हे कालपरवाचं. नाव-फोटो कुणीही उचलतो, ती तारीख बदलता येत नाही.

असं झालं तर आधी पासवर्ड बदला, सगळी डिव्हाइसं लॉगआउट करा, मग `steamcommunity.com/dev/apikey` उघडा. तुमच्या ऑफर परस्पर रद्द करू देणारी चावी म्हणजे एपीआय की; तुम्ही न काढलेली एपीआय की तिथं दिसली तर रद्द करा. २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकचा ट्रेड ७ दिवसांत उलटवता येतो, त्यामुळं चाकू परत आला. पण त्या ७ दिवसांतले खरे ट्रेडही सोबत उलटतात, आणि पुढं ३० दिवस ट्रेड-मार्केट बंद.