मदत हवी आहे: 'दंगल'मधली शेवटची कुस्ती खरी किती?

माझी 13 वर्षांची लेक दोन वर्षं तालमीत जातेय. आम्ही कर्वेनगरला राहतो. परवा निवड चाचणीत ती सुरुवातीलाच 4 गुणांनी मागे पडली आणि उरलेला सगळा वेळ एकाच मोठ्या डावाची वाट बघत राहिली. वेळ संपली. घरी येऊन म्हणाली, "गीताने शेवटच्या 3 सेकंदांत मारला होता ना?" तिचं मन न मोडता खरं काय ते सांगायचंय. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटच्या अंतिम कुस्तीत नेमकं काय झालं होतं?

रानवारा: ताई, कुस्ती एकतर्फी होती. गीताने पहिल्याच मिनिटात चीतपट केलं.

जुना पंच: एकतर्फी होती, पण चीतपट नाही. दिल्लीत 55 किलो गटात समोर ऑस्ट्रेलियाची एमिली बेनस्टेड होती. पहिली फेरी 1-0, दुसरी 7-0. तेव्हा तीनपैकी दोन फेऱ्या घेतल्या की निकाल लागायचा, त्यामुळे तिसरी फेरी झालीच नाही. सिनेमाने नेमकी तीच रचली: 1-5 अशी पिछाडी, मग 5 गुणांचा डाव आणि 6-5. खरं तर त्या वेळच्या नियमात 5 गुणांचा डाव बसला की फलकावर काहीही असो, फेरी तिथेच जिंकली जायची. ही बेरीज प्रेक्षकाला कळावी म्हणून आहे.

आणि अशा गोष्टीला नायिका सतत हरलेली लागते. म्हणून सिनेमातली गीता परदेशी मुलींकडून हरतच जाते. प्रत्यक्षात 2009 मध्येच जालंधरच्या राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत तिने सुवर्ण घेतलं होतं.

मीनल_वारजे: मुलींसाठी तालीम कुठे आहे? भाचीला घालायचंय. फी किती?

धागाकर्ती: मीनलताई, व्यनि करते. दादा, वडिलांना खोलीत कोंडतात ते?

जुना पंच: तसं घडलं नाही. महावीरजी प्रेक्षकांत बसले होते. 7-0 ने हरणारी मुलगी खलनायक होऊ शकत नाही, म्हणून खलनायक आपल्याच गोटातला प्रशिक्षक केला. त्या वेळचे खरे प्रशिक्षक पी. आर. सोंधी यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मला हा बदल सगळ्यात जास्त खटकतो. गुण वाढवले तर कुणाचं नाव खराब होत नाही.

रानवारा: चीतपटचं माझं चुकलं. पण कोंडण्याचा प्रसंग काढला तर शेवटी बापाविना एकटीने जिंकणं कुठून येणार? माझ्या बहिणीने तो सिनेमा बघूनच कुस्ती धरली. मला तो बदल मान्य आहे.

जुना पंच: पात्राचं नाव बदललं तरी पद तेच राहतं, दादा. मला नाही पटत.

धागाकर्ती: रात्री लेकीला 1-0 आणि 7-0 कागदावर लिहून दाखवलं. रडली नाही. 7-0 कडे तिने बघितलंही नाही. बराच वेळ 1-0 वर बोट ठेवून बसली आणि म्हणाली, "अख्ख्या फेरीत एकच गुण? मग बाकीचा वेळ ती समोरचीला अडवत कशी होती?" उद्या वस्तादांना तेच विचारणार आहे.