तरुण-म्हाताऱ्यांची मतं वेगळी: वय, काळ की पिढी?

म्हापसेकर: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच हवं म्हणणारे गोव्यात म्हाताऱ्यांत जास्त, तरुणांत कमी. म्हणजे ही पिढी सरली की मागणीही सरणार, असं म्हणावं का?

आकडेमोड: एका पाहणीवरून अजिबात नको. दोन पाहण्या समजा, आकडे माझ्या मनचे. 2004 साली 25 वर्षांच्यांत 40 टक्के बाजूने, 45 च्यांत 55, 65 च्यांत 70. 2024 साली तेच 30, 45, 60. आता 1979 चे जन्मलेले धरा: पंचविशीत 40 होते, पंचेचाळिशीत 45 झाले.

हा तक्ता तीन प्रकारे तंतोतंत जुळतो. एक, वीस वर्षं वय वाढलं की 15 टक्के वाढतात, पण काळाने सगळ्यांचे 10 उतरवले. पिढीचा संबंधच नाही. दोन, वय काही करत नाही. वीस वर्षं उशिरा जन्मलेल्यांत 15 कमी, काळाने सगळ्यांचे 5 वाढवले. तीन, वयाचे 5 वाढ, पिढीचे 10 घट, काळ शून्य. यांतलं दुसरं खरं असेल तरच तुमचं भाकीत पूर्ण टिकतं, तिसऱ्यात काही अंशी.

सांख्यिक: एवढं कशाला? जन्मवर्षांचे दहा-दहाचे गट करून मॉडेल चालवा, तिन्ही वेगळे निघतात. मी काढलेत.

आकडेमोड: गट न करता R मध्ये `lm(y ~ age + period + cohort)` चालवा. `cohort` च्या जागी `NA` येईल, म्हणजे आकडाच नाही, कारण साल वजा वय म्हणजेच जन्मवर्ष. गट केल्यावर आकडा येतो, पण तो गटांनी दिलेला असतो. दहाऐवजी पाचाचे गट करा, उत्तर उडी मारेल.

फोंडेकार: मुळात कोकणी की मराठी ते ठरवा, मग टक्के मोजा!

आकडेमोड: बाब, तो वाद 1987 च्या राजभाषा कायद्याच्याही आधीपासून चालूच आहे, त्याला दुसरा धागा काढा. म्हापसेकर, उत्तर एका आकड्यात नाही, पण पट्ट्यात सापडतं. नव्या पिढीत पाठिंबा वाढलेला नाही असं मानलं, तर वयाचा परिणाम 15 च्या वर जात नाही. काळाने पाठिंबा वाढवला नाही असंही मानलं, तर तो 5 च्या खाली येत नाही. मग पिढीचा वाटा शून्य ते 10 घट.

सांख्यिक: ते दुसरं गृहीतक कशावरून? 2011 मध्ये इंग्रजी शाळांना अनुदान दिलं तेव्हा विरोधात केवढं आंदोलन उठलं होतं! त्यातून पाठिंबा वाढलाही असेल.

आकडेमोड: हे मान्य. ते सोडलं तर खालची हद्द जाते आणि म्हापसेकरांचं भाकीत पुन्हा पूर्णपणे शक्यतेत येतं.

म्हापसेकर: पण 2004 मधले सगळे 2024 मध्ये इथे आहेत कुठे? कोण गल्फात, कोण पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. बाहेरून आलेलेही मोजणीत असणार.

सांख्यिक: म्हणून जन्म गोव्यातला असलेलेच घ्या.

आकडेमोड: त्याने बाहेरून आलेले वगळले जातात, गेलेले परत येत नाहीत. इंग्रजीच्या बाजूचे जास्त गेले असतील, तर 1979 वाल्यांची ती 5 ची वाढ नुसती गळतीची असू शकते.