मांजरं काढली म्हणून ससे वाढले का? मॅक्वारी बेटावर प्रेझेंटेशनचे प्रश्न

रेवा_टीवाय
पुढच्या गुरुवारी इकॉलॉजीचं प्रेझेंटेशन आहे, विषय अन्नजाळं आणि बाहेरून आलेल्या प्रजाती. मी ऑस्ट्रेलियाचं मॅक्वारी बेट घेतलंय. वर्गाला प्रश्न असा विचारणार आहे की "बेटावरची मांजरं काढली तर काय होईल?" आणि उत्तर, ससे वाढतील, गवत संपेल. मॅम म्हणाल्या की अंदाज खरा का खोटा हे तपासता येईल असे प्रश्न हवेत. हा चालेल ना? अजून कुठले घेऊ?

मास्तर_सह्याद्री
चालेल की, उत्तम उदाहरण निवडलंस. मी ज्युनिअर कॉलेजला हेच शिकवतो आणि पोरांना लगेच पटतं. मांजरं आणि ससे दोन्ही एकोणिसाव्या शतकात जहाजांवरून आलेल्या लोकांनी तिथे नेले. मांजरं समुद्रपक्षी मारायची म्हणून 1985 पासून त्यांना संपवायचं काम सुरू झालं आणि 2000 साली शेवटचं मांजर गेलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत ससे लाखाच्या वर. उतारावरचं उंच टसॉक गवत मुळापर्यंत खाल्लं, माती सुटली, 2006 ला पावसात दरड कोसळून पेंग्विनच्या वसाहतीवर आली. शिकारी काढला की भक्ष्य वाढतं आणि भक्ष्य वाढलं की झाडं जातात, बाणांची साखळी फळ्यावर काढून दाखव, स्पष्ट दिसते. मी तर म्हणेन प्रश्न आहे तसाच ठेव.

पाणवठा
मास्तर, बाकी घटना बरोबर आहेत पण त्या साखळीतला पहिलाच बाण वादात आहे, आणि रेवाच्या मॅमना नेमकं तेच हवं असणार असं मला वाटतं. रेवा, तुझ्या प्रश्नात उत्तर आधीच लपलंय. वर्गाला बाण दाखवलास की कुणीही "ससे वाढतील" म्हणणार, त्यात काय तपासलं?

आता एक आकडा बघ. 1978 मध्ये बेटावर साधारण 1,30,000 ससे होते. आणि त्या वेळी मांजरं होती, चांगली काही शे होती. म्हणजे मांजरं असतानाही ससे तेवढेच होते जेवढे 2006 च्या आसपास मांजरं नसताना झाले. मग मधल्या काळात ससे कमी कशाने झाले? मिक्सोमा व्हायरसने. सशांच्या अंगावरची पिसू 1968 मध्ये मुद्दाम नेऊन सोडली होती, कारण एका सशाकडून दुसऱ्याकडे रोग न्यायला काहीतरी लागतं, आणि 1978 पासून व्हायरस सोडायला सुरुवात झाली. ऐंशीच्या दशकात ससे 20,000 च्या खाली आले. म्हणून माझा पहिला प्रश्न असा असता: "1978 ला मांजरं आणि ससे दोन्ही भरपूर आहेत. आता फक्त ससे 85 टक्के कमी केले तर मांजरं काय खातील?" सांगू दे वर्गाला. पक्ष्यांवर ताण वाढेल असं कुणीतरी म्हणेलच, आणि तीच काळजी पुढे मांजरं संपवण्यामागे होती. हा अंदाज चुकूही शकतो, कारण खायला नाही म्हणून मांजरंच घटतील असंही कुणी म्हणू शकतं. दोन अंदाज समोरासमोर आले की तपासणी सुरू होते.

मास्तर_सह्याद्री
व्हायरस होता हे मान्य. पण मांजरं गेल्यानंतरही व्हायरस सोडणं चालूच होतं ना? तरी ससे वाढले. म्हणजे बदललं काय, तर मांजरं नव्हती. 2009 मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजीत हेच मांडलेलं आहे, मी मनाचं सांगत नाहीये.

पाणवठा
मांडलेलं आहे, आणि त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये दुसऱ्या गटाने त्याला उत्तरही दिलंय. त्यांचं म्हणणं, व्हायरस सोडला जात होता पण त्याचा असर कमी होत गेला होता, आणि मांजरं असताना व्हायरस नव्हता तेव्हा ससे जास्तच होते हे विसरू नका. रोग आणि ससा बरीच वर्षं एकत्र राहिले की हे होतं, ज्यांना रोग कमी बाधतो ते ससे उरतात, त्यांचीच पिल्लं वाढतात. म्हणजे 2000 च्या आसपास एकाच वेळी दोन गोष्टी बदलत होत्या, मांजरं संपली आणि व्हायरस बोथट होत गेला. एक प्रजाती काढल्याचा प्रयोग म्हणतो आपण त्याला, पण निसर्गात एकच बटण दाबलं असं क्वचित होतं.

चिलापीवाला
मला तुमच्या बेटाचं माहीत नाही पण आमच्याकडचं सांगतो. आमच्या गावच्या तळ्यात चिलापी झालीय, जाळं टाकलं की निम्मी चिलापीच, मरळ तर दिसेनाशी झाली, कटल्याचं बोटुकली सोडतो ते पण नीट वाढत नाही. आजोबा म्हणायचे पूर्वी मरळ हाताएवढी मिळायची. सगळे म्हणतात चिलापी काढा म्हणजे मरळ येईल. एका उन्हाळ्यात तळं पूर्ण आटलं, चिखलात चिलापीचा खच पडला, आम्ही म्हटलं सुटलो. पावसाळ्यानंतर दोन वर्षांत परत तेवढीच चिलापी, मरळ काही आली नाही. तर काढून काय उपयोग असं माझं मत झालंय. असं काढायचं तर कसं ते कुणी सांगा.

पाणवठा
दादा, रेवाचा प्रश्न काढायचं कसं हा नाहीये, पण तुमची गोष्ट तिच्या कामाची आहे. तळं आटलं तेव्हा फक्त चिलापी गेली नाही, सगळंच गेलं, मरळ, कटला, शंखशिंपले, पाणवनस्पती. त्यावरून "चिलापी काढली तर मरळ येते का" याचं उत्तर मिळतच नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. आणि वरच्या ओढ्यातून, नाहीतर बोटुकलीच्या पिशवीतून चिलापी परत आली असणार. मॅक्वारीवर ते सोपं होतं कारण चहूबाजूंनी समुद्र, परत यायला वाटच नाही. तुमच्या तळ्यासाठी आधी हे बघा की पिल्लं कुठून शिरतात.

चिलापीवाला
बोटुकली आम्ही गाडीवाल्याकडून घेतो, त्यात मिसळ असते हे खरंय. पण मरळ का आली नाही मग, ती पण ओढ्यातून येऊ शकली असती की.

मास्तर_सह्याद्री
मला अजून एक सांगायचंय. समजा एक मांजर आठवड्याला एक ससा मारतं. 400 मांजरं धरली तर वर्षाला 20,800 ससे. आता 1,30,000 सशांमध्ये आणि तेही भराभर पिल्लं देणाऱ्या सशांमध्ये, हा आकडा किरकोळ आहे, म्हणून 1978 ला मांजरांनी ससे आवरले नाहीत हे बरोबर. पण व्हायरसने ससे 15,000 वर आणले की मग? तेव्हा मांजरं कमी झालेली धरा, 200 च धरा, तरी वर्षाला 10,000 च्या वर जातात. मांजर ससे खाली आणू शकत नसेल, पण दुसऱ्या कशाने खाली आणलेले ससे ती दाबून ठेवू शकते. मग मांजर काढल्यावर ससे उसळणं साहजिक आहे. माझा बाण पूर्ण चुकीचा नाहीये.

पाणवठा
हे तुम्ही फार छान मांडलंत, मी मागे घेतो "पहिलाच बाण वादात" हे जरा जोरात म्हटलं होतं. पण आठवड्याला एक हा आकडा आपण धरलेला आहे, आणि मांजरं बहुतेक पिल्लं मारतात, ज्यातली बरीच थंडीने नाहीतर उपासमारीने तशीही मेली असती. मग मांजरीने मारलेला प्रत्येक ससा वजा होतोच असं नाही. रेवा, हा तुझा दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात चांगला: "मांजरं खरंच ससे दाबून ठेवत होती की नाही हे ठरवायला तुम्ही कुठल्या दोन गोष्टींची मोजणी मागाल?" वर्ग म्हणेल सशांची संख्या. मग विचार, कुठल्या वर्षांत, आणि त्याच वर्षी आजारी ससे किती मिळाले? 1985 ते 2000 मध्ये मांजरं हळूहळू कमी होत गेली. मांजरांमुळे असेल तर ससे त्या उतरंडीबरोबर वर चढताना दिसायला हवेत. व्हायरसमुळे असेल तर मांजरं कितीही असोत, रोगी सशांचं प्रमाण उतरल्यावर चढायला हवेत. आलेखावर दोन रेषा काढायला लाव, शब्दांत नको.

बंदर_रोड
मी न्यूझीलंडला राहते, एक भर घालते. हौतुरू म्हणून बेट आहे, इंग्रजीत लिटल बॅरियर. तिथे 1980 ला मांजरं काढली, कुक्स पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी वाचावेत म्हणून. पण झालं उलटं, 100 घरट्यांत पिल्लं यशस्वी होण्याचं प्रमाण 32 वरून 9 वर आलं, कारण मांजरं खात होती ते उंदीर मोकळे झाले आणि उंदरांनी अंडी, पिल्लं खाल्ली. 2004 ला उंदीर काढले तेव्हा 59 वर गेलं. आणि गंमत अशी की उंदरांचा हा त्रास उंचावरच्या जागांत जाणवला, खालच्या भागात तसा नाही. एकच बेट, दोन उत्तरं.

रेवा_टीवाय
बापरे, एवढं आहे यात. बंदर ताई, उंचीचा मुद्दा नक्की घेते. पण मग मॅक्वारीचा शेवट काय झाला, आणि त्यावर प्रश्न होतो का?

पाणवठा
झाला. ससे, मोठे जहाजी उंदीर आणि छोटे घरउंदीर तिन्ही एकदम संपवायचं ठरलं, सशांचा दुसरा रोग सोडला, हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकलं, 2010 ला हवामानामुळे थांबावं लागलं, 2011 ला पूर्ण केलं आणि 2014 मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. गवत परत वर येतंय, पेट्रेल परत येताहेत. पण तिथे स्कुआ नावाचा शिकारी पक्षी आहे, मूळचा तिथलाच. तो सशांवर जगायला शिकला होता. तर प्रश्न: "ससे गेल्यावर स्कुआचं काय होईल?" बाण बघितला तर पेट्रेल वाढले, स्कुआला खायला मिळेल. पण पेट्रेल वाढायला वर्षं लागतात, ससे गेले एका हिवाळ्यात. स्कुआ कमी झाले, त्यांची पिल्लं कमी झाली.

मास्तर_सह्याद्री
हा थांबा, इथे तुम्हीच तुमचा नियम मोडताय. आमिषाने मेलेले ससे खाऊन स्कुआही विषबाधेने मेले होते ना? मग कमी झाले ते उपाशी म्हणून की विषाने? दोन गोष्टी एकदम.

पाणवठा
बरोबर पकडलंत. विषबाधा झाली होती. त्यामुळे फक्त पक्ष्यांची मोजदाद बघून ते सांगता येत नाही. पण विषाचा फटका एकदाच बसतो, पुढच्या विणीच्या हंगामांत घरट्यामागे पिल्लं कमी पडत राहिली तर ते भुकेकडे बोट दाखवतं. रेवा, मास्तरांचा हा आक्षेपच तिसरा प्रश्न म्हणून घे, आणि स्लाइडवर उत्तर लिहू नकोस, आधी वर्गाला विचार की विष आणि भूक वेगळी करायला ते स्कुआची कुठली मोजणी मागतील.

रेवा_टीवाय
घरट्यामागे पिल्लं, पाच-सहा वर्षं? आणि जिथे ससे कधी नव्हते अशा जवळच्या दुसऱ्या बेटावरचे स्कुआ पण मोजले तर? तसं बेट सापडत नसेल तर काय करायचं हे मात्र मला अजून सुचत नाहीये.

चिलापीवाला
आमच्या तळ्याला पण तसं दुसरं तळं आहे, वरच्या वाडीत, तिथे चिलापी नाही. तिथे मरळ आहे का ते उद्या बघून सांगतो.