वाऱ्याला मर्यादा, मग उंचीला सूट का?

नोंदवही (मूळ पोस्ट): १९६८ साली मेक्सिको सिटीत बॉब बीमनने मारलेली ८.९० मीटरची लांब उडी सगळ्यांनी डोक्यावर घेतली, पण ती विरळ हवेतली होती. पाठचा वारा सेकंदाला २ मीटरच्या वर गेला की विक्रम बाद होतो, मग सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा विक्रम चालतो कसा? हजार मीटर उंचीच्या वर झालेले धावण्याचे आणि उड्यांचे सगळे विक्रम बाद करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त पंच: अनेक वर्षे मी लांब उडीच्या खड्ड्याशेजारी बसून वाऱ्याचे आकडे लिहून घेतले आहेत, त्यामुळे हे मत वाचून गप्प राहवले नाही. उंची हा मैदानाचा गुणधर्म आहे. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी तो सर्वांना ठाऊक असतो आणि पहिल्या उडीपासून शेवटच्या उडीपर्यंत सर्वांना सारखाच मिळतो. वाऱ्याचे तसे नसते. टोकियोत १९९१ च्या जागतिक स्पर्धेत कार्ल लुईसच्या चौथ्या उडीच्या वेळी पाठचा वारा २.९ होता आणि पाचव्या उडीच्या वेळी समोरून ०.२ होता. एकाच खेळाडूला एकाच संध्याकाळी लागोपाठच्या दोन उड्यांत इतका फरक मिळत असेल, तर विक्रमापुरती मर्यादा घालावीच लागते. उंचीसाठी मात्र नोंदीपुढे खूण करणे पुरेसे आहे आणि हजार मीटरच्या वरच्या नोंदींना ती केलीही जाते. शिवाय जे खेळाडू उंचावरच्या शहरांत जन्मले आणि तिथेच वाढले, त्यांनी घरच्या मैदानावर विक्रम करायचाच नाही का?

हवेचे गणित: पंचसाहेब, आपला मुद्दा न्यायाचा आहे, पण मूळ पोस्टमधला प्रश्न हवेचा आहे. हवेचा अडथळा तिच्या घनतेच्या प्रमाणात असतो आणि हवेच्या तुलनेत खेळाडूचा जो वेग असतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, खेळाडू सेकंदाला १० मीटर वेगाने येत आहे आणि समुद्रसपाटीला स्थिर हवेत त्याला होणारा अडथळा १०० आहे. टोकियोत लुईसच्या चौथ्या उडीला २.९ वारा होता, म्हणजे हवेच्या तुलनेत त्याचा वेग ७.१ झाला आणि अडथळा साधारण ५० वर आला. मेक्सिकोत बीमनला वारा नेमका २.० मिळाला, म्हणजे वेग ८ आणि त्याचा वर्ग ६४. पण तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चार पंचमांश असल्यामुळे अडथळा ५१ च्या आसपास येतो. दोघांनी जवळजवळ सारख्याच अडथळ्यातून धाव घेतली आणि उड्याही ८.९१ आणि ८.९० अशा निघाल्या. त्यांतली एक विक्रम ठरली, दुसरी वाऱ्याच्या साहाय्याची म्हणून बाजूला पडली. त्याच संध्याकाळी माइक पॉवेलने ०.३ वाऱ्यात, म्हणजे सुमारे ९४ इतक्या अडथळ्यातून, ८.९५ मीटर उडी मारली, म्हणून मला त्या तिघांत ती सर्वांत मोठी वाटते. अर्थात अडथळा निम्मा झाला म्हणून वेग दुप्पट होत नाही. धावपटूची बहुतेक ताकद इतरत्र खर्च होते आणि १०० मीटरच्या धावेत २.० वाऱ्याने पडणारा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच असतो.

सपाटीवरचा: आकडेमोड नको, कारण सोपे आहे. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असते आणि उडी मारणारा विरळ हवेत जास्त वेळ तरंगतो, म्हणून तिथली उडी लांब जाते. नोंदवही यांचे मत बरोबर आहे.

हवेचे गणित: तुमचा निष्कर्ष त्यांच्या बाजूचा असला, तरी कारण चुकते आहे. गुरुत्वाकर्षणाचा फरक काही सेंटिमीटरांच्या पलीकडे जात नाही आणि तो अक्षांशानुसारही बदलतो. उडी मारणारा हवेत सेकंदभरही नसतो. त्याला खरा लाभ होतो तो फळीपर्यंतच्या धावेत, कारण फळीवर पाय पडतो त्या क्षणी असलेल्या वेगावरच उडीची लांबी मुख्यतः ठरते.

तिहेरी उडी: उंचीचा वाद तुम्हीच मिटवा. माझे दुखणे वारा मोजणाऱ्या यंत्राचे आहे. एका स्पर्धेत माझी आयुष्यातली सर्वांत लांब उडी २.१ वाऱ्यामुळे विक्रमासाठी धरली गेली नाही. नंतर कळले की यंत्राने २.०३ दाखवले होते आणि पंचांनी ते वर नेऊन २.१ केले. शाळेत आम्हाला २.०३ म्हणजे २.० असे शिकवले होते. शिवाय मी शेवटची झेप घेतली तेव्हा वारा पूर्ण पडला होता. खड्ड्याशेजारचा झेंडा लोंबत होता. इतक्या वर्षांनंतरही तो २.१ चा आकडा आठवला की झोप उडते.

निवृत्त पंच: आपले दुःख मी समजू शकतो, पण त्या पंचांनी नियमच पाळला. दुसऱ्या दशांशात शून्य नसेल, तर आकडा पुढच्या दशांशावर न्यायचा असतो, कारण मर्यादा ओलांडल्याची थोडीही शक्यता विक्रमाच्या बाजूने धरायची नाही. झेंड्याविषयी सांगायचे, तर तिहेरी उडीत फळीपासून ३५ मीटरवरची खूण ओलांडल्यापासून ५ सेकंदांची सरासरी घेतात. तो वेळ जवळजवळ सगळा धावेतच जातो, त्यामुळे शेवटच्या झेपेच्या वेळी वारा पडला असेल, तर यंत्राला त्याचे काही नसते. वर सांगितल्याप्रमाणे लाभही धावेतच होतो.

तिहेरी उडी: लाभ धावेत होतो हे मला मान्य आहे. पण यंत्र एका जागी उभे असते, फळीपासून २० मीटरवर आणि कमरेच्या थोडे वर, आणि मी धावतो त्या संपूर्ण पट्ट्यातला वारा त्या एका ठिकाणच्या वाऱ्यासारखा असेल याची हमी कोण देतो? आकडा चुकीचा असला, तर निर्णय फिरवायला कोणी तयार नसते. इंडियानापोलिसमध्ये १९८८ साली फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरने १०.४९ सेकंदांत १०० मीटर धाव घेतली, तेव्हा यंत्राने ०.० दाखवले. शेजारच्या तिहेरी उडीच्या मार्गावर त्याच सुमारास ४.३ ची नोंद झाली होती आणि त्याच फेरीतल्या तिसऱ्या शर्यतीत ५.० वारा आला. तरीही तो विश्वविक्रम आजही यादीत आहे. तिला शून्य मिळते आणि मला २.०३ चे २.१ मिळतात, यात न्याय कुठे आहे?

निवृत्त पंच: त्या शून्यावर माझाही विश्वास नाही आणि आकडेवारी जपणाऱ्या अभ्यासकांनीही त्या नोंदीपुढे शंकेची टीप जोडली आहे. पण एक नोंद संशयास्पद आहे म्हणून आपली नोंद ग्राह्य कशी ठरेल? यंत्र शर्यतीच्या आधी तपासावे, शेजारच्या मार्गावरचे यंत्र एकदम वेगळे सांगू लागले तर पुढची शर्यत थांबवून दोन्ही पुन्हा पाहावीत, इतके मी स्वतः नेहमी केले आहे. त्या दिवशी तिथे ते झाले नाही, हे मात्र मला मान्य करावे लागेल.

नोंदवही: माझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. गणितानुसार बीमन आणि लुईस यांना सारखीच मदत मिळाली, एवढे तरी पंचसाहेब मान्य करतील का?

निवृत्त पंच: गणित मान्य आहे, मला ते आवडले नाही, तरी मान्य आहे. पण उंची बाद करण्यास मी तयार नाही. फार तर विक्रमाच्या यादीत वारा आणि उंची यांचा एकत्रित परिणाम दाखवणारा आणखी एक रकाना असावा, एवढ्यावर मी यायला तयार आहे.

हवेचे गणित: तो रकाना भरायचा तर खेळाडूचा प्रत्येक क्षणाचा वेग आणि संपूर्ण मार्गावरचा वारा ठाऊक हवा, आणि आपल्याकडे असते ते एका जागेचे ५ सेकंदांचे सरासरी वाचन.

तिहेरी उडी: मी मघापासून तेच तर सांगतो आहे.