‘मुदतवाढ’ की ‘वाढीव मुदत’?

कुपवाडकर : कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा पंपांचे सुटे भाग करण्याचा छोटा कारखाना आहे. कास्टिंग देणाऱ्या फाउंड्रीला ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि आमचे गिऱ्हाईक मात्र आम्हाला साठाव्या दिवशी देते. म्हणून मी फाउंड्रीला लिहिले, “आर्थिक अडचणीमुळे ६० दिवसांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.” थोरले बंधू म्हणाले, हे वाचून मालच बंद होईल. नेमका कोणता शब्द खटकतो?

निवृत्त मुनीम, सांगली : ‘मुदतवाढ’. पहिली मुदत टळू लागली की हा शब्द येतो, मग ती निविदेची असो वा कर्जाच्या हप्त्याची. शिवाय ६० दिवसांची मुदतवाढ म्हणजे ३० अधिक ६०, असे नव्वद दिवस कोणीही वाचेल. मी असे लिहिले असते : “आजवरची बिले ठरल्याप्रमाणे ३० दिवसांत चुकती झाली आहेत. येत्या १ तारखेपासूनच्या बिलांसाठी उधारीची मुदत ३० ऐवजी ६० दिवस ठेवावी, असा प्रस्ताव आहे. त्याआधीची बिले जुन्याच मुदतीत चुकती होतील.” शेवटचे वाक्य गाळू नका, कारण समोरच्याची पहिली शंका जुन्या बाकीचीच असते.

भाषाप्रेमी, वाई : मसुदा उत्तम आहे, पण ‘मुदत’ अरबीतून आलेला शब्द आहे. ‘अवधी’ असताना तो कशाला?

निवृत्त मुनीम, सांगली : व्यापारी मुदत पाळतो, अवधी पाळत नाही. अवधी नुसता काळ मोजतो, मुदतीला शेवटचा दिवस असतो.

किराणावाले, कराड : माझी दोन गिऱ्हाइके आठ महिने पैसे देत नाहीत. त्यांना ‘प्रस्ताव’ लिहू का?

निवृत्त मुनीम, सांगली : तुमचा विषय वसुलीचा आहे, तिथे तारखेसह स्पष्ट मागणीच हवी.

विट्याचा यंत्रमागधारक : ४५ दिवसांपुढची उधारी कायद्यानेच बंद आहे, तेव्हा पत्र व्यर्थ आहे.

कर सल्लागार, सातारा : हे अर्धे खरे आहे. २००६ च्या कायद्यातील ही मर्यादा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तेव्हाच लागते, मध्यम उद्योगाला किंवा निव्वळ व्यापाऱ्याला नाही. लागत असेल तर ६० दिवसांचा लेखी करारही उपयोगी पडत नाही. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस उलटले की बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मुदत उलटलेले बिल ३१ मार्चला थकलेले असेल, तर त्या वर्षी तो खर्चही आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. बिलावर उद्यम क्रमांक असतो, पण त्यावरून वर्ग कळत नाही, म्हणून प्रमाणपत्र मागवा.

कुपवाडकर : प्रमाणपत्र आले, फाउंड्री लघु उद्योगात आहे. मसुद्यात ६० ऐवजी ४५ केले आणि ‘माल स्वीकारल्याच्या दिवसापासून’ हे शब्दही घातले. गिऱ्हाइकाकडून पैसे येईपर्यंतचे उरलेले १५ दिवस आम्हालाच निभवावे लागतील. आता बंधूंना ‘उधारी’ खटकते, वाण्याच्या वहीतला शब्द वाटतो म्हणतात.

भाषाप्रेमी, वाई : ‘उधार’ संस्कृत ‘उद्धार’वरून आला आहे, त्यात कमीपणा कसला? ‘अवधी’चा मात्र पुन्हा विचार व्हावा.