शब्दचर्चा : ‘पश्चात्ताप करा’ की ‘मन पालटा’?

मार्था (माहीम)
आमच्या पॅरिशसाठी मराठी वाचनांची एक पुस्तिका तयार होत आहे आणि तिची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातील, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडच्या ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ या वाक्यावर समितीत दोन तट पडले आहेत. एका सभासदांच्या मते मूळ ग्रीक शब्दात दुःख नसून मन बदलणे आहे, म्हणून ‘मन पालटा’ असे छापावे. दुसऱ्या, वयाने ज्येष्ठ असलेल्या सभासदांना येथे ‘प्रायश्चित्त करा’ हवे आहे. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, आणि त्यांतील एक निवडल्याने शिकवण खरोखर बदलते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

सुहास (डोंबिवली)
प्रथम शुद्धलेखन पाहावे. ‘पश्चात् + ताप’ असा संधी असल्याने ‘पश्चात्ताप’ हेच रूप बरोबर आहे. ‘पश्चाताप’ हे सर्रास छापले जात असले तरी ते चूक आहे.

मार्था (माहीम)
सुहासदादा, आभारी आहे. मुद्रितात दोन ठिकाणी ती चूक निघाली. माझा प्रश्न मात्र अर्थाचा आहे.

निनाद (ठाणे)
उत्तर सरळ आहे. मूळ शब्द ‘मेतानोइया’. ‘मेता’ म्हणजे नंतर किंवा पालट, आणि ‘नूस’ म्हणजे मन. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये ‘पेनितेन्तियाम आगिते’, म्हणजे ‘प्रायश्चित्त करा’, असे चुकीचे भाषांतर केले आणि त्या एका चुकीतून पाद्र्यापुढे पाप सांगण्याचा संस्कार जन्माला आला. पुढे जर्मन धर्मसुधारक लूथरने ग्रीक पाहिले आणि 1517 साली सगळा डोलारा कोसळला. मूळ पापाचा सिद्धांतही असाच भाषांतराच्या चुकीतून आला आहे.

प्रभाकर (गिरगाव)
निनादराव, आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे. पण उरलेले अर्धे आजकाल इतक्या वेळा ऐकू येते की ते जरा सावकाश पाहणे भाग आहे.

‘पेनितेन्तियाम आगेरे’ हा प्रयोग जेरोमने घडवला नाही. पश्चात्ताप होणे या अर्थाने तो लॅटिनमध्ये आधीपासून रुळलेला होता आणि जेरोमपूर्वीच्या लॅटिन ख्रिस्ती लेखनातही आढळतो. लॅटिन ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तर सुमारे 200 वर्षे आधीच लिहून गेला की ग्रीकमध्ये हा शब्द अपराधाच्या कबुलीवरून नव्हे, मन पालटण्यावरून बनला आहे. म्हणजे भेद ठाऊक होता. बदलले ते पुढे, शब्दाभोवतीचे जग. पापाची कबुली, पुरोहिताने दिलेली क्षमा आणि त्याने नेमून दिलेली कृती या संस्काराचे नावच ‘पेनितेन्तिया’ पडले. 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कबुली देणे बंधनकारक केले, आणि त्या काळातल्या वाचकाच्या कानी ‘पेनितेन्तियाम आगिते’ हे शब्द ‘तो संस्कार करा’ असेच पडू लागले. संस्काराचा आधार मात्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील पापक्षमेचे वचन हा वेगळाच होता. भाषांतराने सिद्धांत जन्माला घातला नाही. मत्तयाचे हे वाक्य त्या सिद्धांताच्या बाजूने साक्षीला उभे राहू शकेल, एवढी सोय त्याने केली.

लूथरने 1517 साली मांडलेल्या 95 विधानांपैकी पहिल्या दोहोंत नेमका याच साक्षीवर आक्षेप आहे. योहानानंतर ख्रिस्तानेही हेच वाक्य उच्चारले तेव्हा श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे असा त्याचा हेतू होता, आणि पुरोहितांकरवी होणाऱ्या संस्काराला हा शब्द लावता येत नाही, असे तो म्हणतो. तेथे तो वाक्य लॅटिनमध्येच उद्धृत करतो. ग्रीक शब्दाचा आधार आपल्याला कसा गवसला, हे त्याने 1518 साली आपले वरिष्ठ श्टाउपित्झ यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. दरम्यान इरास्मसने आपल्या लॅटिन नव्या कराराच्या 1519 च्या आवृत्तीत ‘रेसिपिस्किते’ हा शब्द वापरला. त्याला मराठीत ‘भानावर या’ म्हणावे लागेल.

मूळ पापाबद्दल आपला दावा अधिक सबळ आहे. रोमकरांस पत्राच्या 5:12 मधील शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा घेतात, तर लॅटिनमध्ये ते ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असेही वाचता येत होते, आणि ऑगस्टीनने ते आदामाला उद्देशून तसेच वाचले. पण त्याचा सिद्धांत त्या एका ओळीवर उभा नव्हता.

निनाद (ठाणे)
जेरोमवरचा आरोप मी मागे घेतो. तरीही ‘मन पालटा’ हेच योग्य ठरते ना?

प्रभाकर (गिरगाव)
नाही, कारण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मत्तयाच्याच 11:21 मध्ये सोर आणि सिदोन यांनी गोणपाटात आणि राखेत ‘मेतानोइया’ केली असती असे म्हटले आहे. गोणपाट आणि राख ही शोकाची चिन्हे आहेत, तेव्हा दुःख या शब्दातून पुसून टाकता येत नाही. ‘मन पालटा’ म्हटले तर वाचकाला आधी एका उमेदवाराला मत देणार होतो आणि आता दुसऱ्याला देणार आहोत, एवढेच वाटेल. लूथरच्या जर्मन बायबलात आजही ‘बूसे’ करा असेच छापले जाते, आणि त्याच शब्दापासून दंडाच्या रकमेचे जर्मन नाव बनले आहे. ज्याने वाद उभा केला त्यालाही निर्मळ शब्द सापडला नाही.

वासंती (विलेपार्ले)
प्रायश्चित्ताविषयी घरचा अनुभव सांगते. माझे पणजोबा बोटीने परदेशी जाऊन आल्यावर त्यांना पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावे लागले होते. त्यांनी ते केले, आणि आपल्याला तिळमात्र पस्तावा नाही असे घरात उघड सांगितले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहाचे प्रकरण तर सर्वांना ठाऊकच आहे; न्यायमूर्ती रानडे यांनीही त्यासाठी प्रायश्चित्त घेतले. मनाचा काही संबंध नसताना जे करता येते ते प्रायश्चित्त, अशी माझी समजूत आहे. म्हणून तो शब्द येथे नको.

प्रभाकर (गिरगाव)
वासंतीताई, व्यवहारात तसे झाले खरे, पण शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत पाप उघड सांगणे आणि अनुताप हे दोन्ही येतात, आणि पुढे ‘नैवं कुर्यां पुनरिति निवृत्त्या पूयते तु सः’ असे म्हटले आहे. पुन्हा असे करणार नाही, या निवृत्तीनेच माणूस शुद्ध होतो. मेतानोइयाच्या इतके जवळ आपल्याकडचे दुसरे वचन मला आठवत नाही. मात्र शब्द नको हा आपला निष्कर्ष मला मान्य आहे, त्याचे कारण वेगळे आहे. मराठी बायबलात लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींसाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आधीच खर्ची पडलेला आहे. तोच मत्तयात आणला तर याजकाने लोकांसाठी करायचा विधी आणि माणसाने स्वतः मागे वळणे यांतली सीमा पुसली जाईल.

मार्था (माहीम)
माझी गोव्याची आजी कोंकणीत ‘कुमसार’ म्हणत असे. तो शब्द पोर्तुगीजातून आला आणि कबुलीपुरताच राहिला, त्यामुळे तिच्या बोलण्यात संस्कार आणि पश्चात्ताप यांची सरमिसळ कधीच झाली नाही. ‘अनुताप’ कसा वाटतो?

प्रभाकर (गिरगाव)
मला स्वतःला तो आवडतो. संतांच्या भाषेत अनुतापानंतर माणूस वेगळा होतो. पण प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावरच्या मुलाला तो कळणार नाही, हेही खरे. मी ‘पश्चात्ताप’ ठेवीन, आणि ‘मागे फिरा’ असे तळटिपेत देईन.

निनाद (ठाणे)
मी अजूनही ‘मन पालटा’च्या बाजूने आहे; तळटीप कोणी वाचत नाही.

मार्था (माहीम)
‘पश्चात्ताप’ ठेवायचा तर नवी अडचण उभी राहते. मत्तय 27:3 मध्ये ख्रिस्ताला धरून देणारा यहूदा तीस नाणी परत करतो, तेथे ग्रीकमध्ये ‘मेतानोइया’ नसून दुसरेच क्रियापद आहे, असे समितीतल्या फादरांनी दाखवले. लॅटिनने तेथेही ‘पेनितेन्तिया’च वापरले, म्हणजे दोन ग्रीक शब्दांचा एक झाला. आम्ही दोन्हीकडे ‘पश्चात्ताप’ छापला तर गळफास घेणारा यहूदाही योहानाच्या सांगण्याप्रमाणेच वागला असा अर्थ निघेल. त्याच्यासाठी मी तूर्त ‘पस्तावला’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. तेवढ्याने भेद कळेल का?

सुहास (डोंबिवली)
‘पस्तावणे’ हेही ‘पश्चात्ताप’ याचेच तद्भव रूप आहे.

मार्था (माहीम)
हो, तीच धास्ती आहे. रविवारच्या बैठकीत विचारून पाहते.