अपटेक नॉर्मल, तरी थायरॉईड वाढलेलं?

> टीएसएच ०.०२, गळ्यात अडीच सेंटिमीटरची गाठ. स्कॅनमध्ये हॉट नोड्यूल, पण २४ तासांचा अपटेक २६ टक्के, म्हणजे नॉर्मल. असं कसं?

अपटेक म्हणजे थायरॉईडने दिलेल्या आयोडीनपैकी किती टक्के घेतलं ते. तो आकडा अख्ख्या ग्रंथीचा असतो, म्हणून आधी स्कॅनचं चित्र बघा. ही हॉट, म्हणजे आयोडीन जास्त ओढणारी गाठ टीएसएचला, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनला, न जुमानता थायरॉईड हार्मोन बनवते. त्यामुळे टीएसएच घसरतं, बाकीची ग्रंथी आयोडीन घेणं जवळपास थांबवते आणि चित्रात पुसट होते. म्हणजे २६ टक्के बहुतेक एकट्या गाठीचेच. अशा गाठीत कर्करोग क्वचितच निघतो, सुई-तपासणी सहसा लागत नाही. कोल्ड, म्हणजे आयोडीन न घेणाऱ्या गाठीही बहुतेक निरुपद्रवीच, पण तिथे सोनोग्राफी बघून सुईचं ठरवतात. मात्र स्कॅनच्या महिना-दीड महिना आधी आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल, तर अपटेक फसवा, कमी येतो. डॉक्टरांना ते जरूर सांगा.